कारण: वैद्यकीय, एवढंच

माझा साहेब माझा दीर लागतो. सख्खा नाही, नवऱ्याचा मामेभाऊ. म्हणजे माझी सासू त्याची सख्खी आत्या. शिवऱ्याजवळ हायवेला लागून पुठ्ठ्याच्या खोक्यांची कंपनी आहे, तिथं तो डिस्पॅचचा मॅनेजर आणि मी त्याच्या हाताखाली बिलं, ई-वे बिलं, गेटपास करणारी. घरी तो मला वहिनी म्हणतो, ऑफिसात मॅडम. मी त्याला घरी भाऊजी म्हणते, ऑफिसात सर. नोकरी मी इंटरव्ह्यू देऊन मिळवली, तेव्हा हा बाबा दुसऱ्या कंपनीत होता. माझ्यानंतर वर्षानं आला. पण आमच्या भाटघरकडच्या सगळ्या भावकीत एकच गाणं, दिरानं चिकटवली म्हणून. मी सांगून सांगून थकले, मग सांगायचंच सोडून दिलं.

तर या दिराला, म्हणजे साहेबाला, मला एक मेल लिहायचा होता.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पुण्यातल्या दवाखान्यात आम्ही दोघांनी तपासण्या केल्या. माझं सगळं ठीक निघालं, वय तेवढं हाताशी राहिलेलं नव्हतं. नवऱ्याचे शुक्राणू फार कमी निघाले. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की आता थांबण्यात अर्थ नाही, टेस्ट ट्यूबचा उपचार करायचा तर लगेच करा. येताना कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे नवऱ्यानं टेम्पो बाजूला घेतला आणि म्हणाला, "घरी सांगायचं न्हाई. आईला तर न्हाईच." मी म्हटलं, बरं. त्याचा चेहरा पाहून दुसरं काही बोलवलंच नाही.

आता गंमत बघा. कमी त्याचं, सुया माझ्या पोटात. पाळी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग रोज ठरल्या वेळेला इंजेक्शन, मग दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी, अंडी किती वाढली ते बघायला. त्यावरून ठरणार पुढची तपासणी कधी. अंडी काढायचा दिवस तर एक-दोन दिवस आधीच कळणार आणि तो एकदा ठरला की हलणार नाही, कारण शेवटचं इंजेक्शन त्याच हिशेबानं घ्यायचं. हे सगळं बाईनं करायचं. आणि त्यासाठी रजा कुणी मागायची? बाईनंच. नवऱ्याचा टेम्पो स्वतःचा, त्याला कुणाला मेल लिहायचा नव्हता.

पहिला मेल लिहिला तो आठवला तरी अंगावर काटा येतो. सगळं लिहिलं होतं. किती वर्षं वाट पाहिली, देवधर्म किती केले, रात्री झोप लागत नाही. वाचून पाहिलं तेव्हा माझा मलाच राग आला. अगं, रजा मागतेस की भीक? खोडून टाकला. नवऱ्याला दाखवायला दुसरा लिहिला तर तो म्हणाला, "पोटाचं दुखणं लिही की सरळ." म्हणजे उद्या साहेबानं विचारावं, पोट दुखायचं थांबलं का हो? खोटं एकदा लिहिलं की ते सांभाळत बसावं लागतं, आणि माझ्याकडे सांभाळायला आधीच एक होतं, नवऱ्याचं.

दवाखान्यात एक समुपदेशक बाई होत्या. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजाराचं नाव लिहायचं नाही. कामाला काय लागणार तेवढं लिहायचं. कधी येणार नाही, किती वेळ, काम कोण बघणार. बास." मी म्हटलं, प्रमाणपत्र मागितलं तर? तुमच्या कागदावर वरच गुबगुबीत बाळाचा फोटो आहे. त्या हसल्या. दवाखाना ज्या मोठ्या हॉस्पिटलच्या आवारात होता त्या हॉस्पिटलच्या साध्या कागदावर डॉक्टरांकडून लिहून देते म्हणाल्या, 'डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार सुरू आहेत, ठरावीक अंतरानं तपासणी आवश्यक आहे,' एवढंच.

मग मेल जमला. आमच्याकडे मेल इंग्रजीत लिहायची पद्धत, पण मतलब असा:

"सर, डॉक्टरांच्या सल्ल्यानं माझे वैद्यकीय उपचार सुरू होत आहेत. पुढच्या काही आठवड्यांत काही सकाळी मला तपासणीसाठी पुण्याला जावं लागेल. तारीख बहुतेक वेळा आदल्या दिवशीच कळेल. अशा दिवशी मी दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत हजर होईन. एक-दोन दिवस पूर्ण रजा लागेल, तेही थोडंच आधी कळेल. सकाळच्या गाड्यांची कागदपत्रं मी आदल्या संध्याकाळी तयार करून ठेवीन. लागणारा वेळ माझ्या शिल्लक रजेतून धरावा. उपचारांचा तपशील खासगी ठेवू इच्छिते. डॉक्टरांचं प्रमाणपत्र देऊ शकते."

दहा वेळा वाचला. कुठं एक शब्द जास्त नव्हता. फक्त हेड ऑफिसच्या एचआरला त्याची प्रत लावली नाही. कारण दिराला डावलून वर प्रत लावली असती तर भावकीत बोभाटा झाला असता की वहिनीनं दिराची तक्रार केली. दुसरा कुणी साहेब असता तर डोळे झाकून प्रत लावली असती. इथं आपला माणूस म्हणून एकट्याला पाठवला, आणि तिथंच माती खाल्ली.

दोन दिवस उत्तर नाही. समोरच्या काचेच्या केबिनमध्ये बसलेला असायचा, माझ्या टेबलापासून चार पावलांवर. मेल वाचल्याचं तोंडावर दिसत होतं. गाडीचा नंबर विचारायचा, बिलाचा आकडा विचारायचा, त्या मेलाबद्दल चकार शब्द नाही. मला वाटलं हेड ऑफिसला विचारत असेल. कसलं हेड ऑफिस घेऊन बसलात!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नसरापूरहून शेअर रिक्षानं घरी आले तर सासूबाई ओट्यावर. हातात मोबाईल. चपला काढायच्या आत म्हणाल्या, "तुला काय झालंय गं? कॅन्सर-बिन्सर तर न्हाई ना?"

मी म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"भाच्याचा फोन आलता. आत्या म्हणला, वहिनीला काय दुखणंखुपणं हाय का, पुण्याला सारखं जायचंय म्हणती, घरात म्हाईत हाय का."

मेल मी साहेबाला लिहिला होता. उत्तर सासूच्या मोबाईलवर आलं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओट्यावर उभी राहून ओरडणार कुणाच्या नावानं? तेवढ्यात नवरा आला. सासूबाईंनी त्याला धरलं. कॅन्सर नाही म्हटल्यावर त्यांना उलगडायला वेळ लागला नाही. बायका या बाबतीत फार हुशार असतात. "म्हंजे पोराबाळासाठी चाललीस व्हय?" नवऱ्यानं मान हलवली. हो. बास, तेवढीच हलवली. पुढं एक शब्द नाही. आणि न बोललेली जागा सासूबाईंनी आपल्या मनानं भरून टाकली. "म्या म्हणतच हुते, हिच्यातच कायतरी खोट हाय."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हातपाय धुवायला गेला.

त्या रात्री मी जेवले नाही. रागानं जेवण सोडायची मला लहानपणापासूनची सवय, वेल्ह्याकडं माहेरी आई म्हणायची की हिचा राग ताटावर निघतो. इथं ताटाकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही.

रविवारी दीर घरी आला. मिसेसला आणि पेढ्याच्या बॉक्सला घेऊन, जणू काही सोयरीक जुळवायला. पोहे झाले, चहा झाला. मग पाय पसरून बसला आणि म्हणाला, "वहिनी, तुमी मला आधी सांगायचं ना. घरचा माणूस हाय मी. असल्या चांगल्या कामाला मी नाही म्हणणार व्हय?"

"मग मेलाला हो म्हणायचं होतं," मी म्हटलं.

"अहो, नुसतं वैद्यकीय लिहिलंय, खासगी लिहिलंय. मला काळजी वाटली. म्हटलं वहिनी काही लपवत्यात."

"लपवत नव्हते. सांगत नव्हते. त्यात फरक असतो, भाऊजी."

सासूबाई मध्ये पडल्या. "भावासारखा दीर हाय, त्याला काय उलटं बोलतीस? त्येनं तुझ्यासाठी चांगलंच केलंय." काय चांगलं केलं होतं ते मग कळलं. दिरानं आत्याशी बोलून ठरवून टाकलं होतं की वहिनींनी तीन महिने बिनपगारी सुट्टी घ्यावी, धावपळ नको, एसटी-रिक्षाचे धक्के नकोत, आराम करावा. माझ्या जागी त्याच्या ओळखीतली एक मुलगी बसवता येईल. "परत यायचं ते बाळाला घेऊनच या," म्हणाला आणि स्वतःच हसला. त्याची बायको हसली. सासूबाई हसल्या. नवरा पोह्यातली मिरची बाजूला काढत होता.

मला वाटलं, आता तरी बोलेल. आता तरी म्हणेल की आई, हिचं काही नाही, माझं आहे. एक वाक्य. माझ्या जिभेवर ते वाक्य इतकं आलं होतं की दात दाबून धरले. सांगितलं असतं तर तिथल्या तिथं सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण बोगद्याजवळ मी बरं म्हटलं होतं. आणि खरं सांगू? दिरासमोर माझं सांगायचं नव्हतं तसं नवऱ्याचंही सांगायचं नव्हतं. कुणाच्या अंगात काय कमी आहे ही साहेबाला कळवायची गोष्टच नाही.

मी उठले आणि म्हणाले, "भाऊजी, घरात मी तुमची वहिनी, पोहे अजून देऊ का ते विचारीन. पण मेल वहिनीनं लिहिला नव्हता. तुमच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यानं लिहिला होता. तिला उत्तर उद्या ऑफिसात द्या, लेखी. सुट्टी मी मागितली नाही. मी सकाळचे काही तास मागितलेत." आणि सासूबाईंना म्हटलं, "नोकरी सोडणार नाही. विचारू पण नका."

दीर पेढे तसेच ठेवून गेला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, मला तेवढीच शांतता मिळाली.

सोमवारी त्याचं उत्तर आलं. एका ओळीचं. "कृपया उपचारांचं नेमकं स्वरूप कळवावं, त्यानंतर विचार करता येईल." सगळं माहीत असून! घरभर वाटून झालेलं असून! मी लेखी द्यावं म्हणून. ते वाचून हसू आलं मला, पण ते हसू बरं नव्हतं. भावकी गेली खड्ड्यात म्हटलं आणि तोच मेल, एक शब्द न बदलता, पुन्हा पाठवला. या वेळी एचआरला प्रत. खाली एकच ओळ वाढवली: "उपचारांचा तपशील देणं मला आवश्यक वाटत नाही. प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे."

एचआरच्या बाईंना मी कधी पाहिलेलंही नव्हतं. त्यांचं उत्तर दुपारच्या आत आलं. प्रमाणपत्र पुरेसं आहे, स्वरूप विचारायची गरज नाही, लागेल तसा अर्धा दिवस शिल्लक रजेतून धरावा, मंजूर. शेवटी, 'काळजी घ्या.' परक्या बाईचे ते दोन शब्द वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि आलं म्हणून पुन्हा राग आला. मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुवून आले आणि गेटपास काढायला बसले.

मंजूर झालं म्हणून सुख लागलं असं समजू नका. पहिल्या तपासणीच्या दिवशी मी स्वारगेटला उतरते न उतरते तोच डिस्पॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर साहेबाचा मेसेज, 'मॅडम नसल्यामुळे गाड्या थांबल्या आहेत.' मी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, 'सर, सकाळच्या सगळ्या गाड्यांचे कागद काल संध्याकाळी तुमच्या टेबलावर डाव्या ट्रेमध्ये ठेवलेत.' ग्रुपवर अंगठे आले. दुसऱ्या वेळी त्यानं दुपारचं लोडिंग सकाळी ओढलं. मी त्याचेही कागद करून ठेवले होते. आपल्या माणसाला मी आता चांगली ओळखायला लागले होते.

पण वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लोडिंगचा एक वयस्कर मुकादम, फार सज्जन माणूस, माझ्या हातातला कागदांचा गठ्ठा काढून घेत म्हणाला, "ताई, जड उचलू नका. देव करंल सगळं बरं." म्हणजे त्याच्यापर्यंतही पोचलं होतं. माझी मेलामधली एकेक ओळ तोलून-मापून लिहिलेली, आणि माझं गर्भाशय कंपनीच्या गेटपर्यंत चर्चेला आलेलं. त्याच्यावर कशी चिडू? मी हो काका म्हटलं.

रोजचं इंजेक्शन मी नसरापूरला एका नर्सताईंकडे घ्यायचे. औषधाचा बॉक्स त्यांच्याच फ्रिजमध्ये ठेवलेला, घरी नको म्हणून. आता घरी नेला असता तरी चाललं असतं, सगळ्यांना माहीत होतं. पण नेला नाही. माझी म्हणून तेवढी तरी जागा राहू दे, असं वाटायचं.

नवरा या सगळ्यात काय करत होता? भाडं नसेल त्या दिवशी तपासणीला सोडायचा, आणायचा, रस्त्यात उसाचा रस पाजायचा. वाईट नाही तो. नुसता गप्प. एकदा मी म्हटलं, "आईला सांग ना रे." तो म्हणाला, "सांगतो." गाडीची काच पुसत बसला. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते.

अंडी काढायचा दिवस ठरला. एचआरला आणि साहेबाला एकच ओळ पाठवली, 'परवा पूर्ण रजा.' दोघांचंही 'ठीक' आलं. त्याचंसुद्धा.

सासूबाई म्हणाल्या, मी येणार. घरचं मोठं माणूस नको का? नको, असं म्हणायची सोय नव्हती. टेम्पोत मधोमध बसल्या, मांडीवर नारळाची पिशवी. माझ्या पोटात काल रात्रीपासून अन्नाचा कण नाही, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, भुलीमुळं. दवाखान्यात मला हिरवा गाऊन घालून पडद्यामागच्या खाटेवर बसवलं, सलाईनची सुई टोचली. पडद्याच्या पलीकडं बाकावर सासूबाई शेजारच्या बाईला सांगत होत्या, "सुनंत खोट हाय. पण आमी टाकली न्हाई तिला. खर्च करतोय. पोरगं माझं सोन्यासारखं, एका शब्दानं बोलत न्हाई तिला." ती शेजारची बाई हूं हूं करत होती. मला उठून पडदा फाडावासा वाटला.

तेवढ्यात नर्स आली. "मिस्टर कोण? चला, तुमचा सॅम्पल द्यायचाय. उशीर नका करू, आत तयारी झालीये."

नवरा उठला. सासूबाईंनी त्याच्या शर्टाची बाही धरली. "ह्याला कशाला? ह्याला काय झालंय? जे हाय ते तिला हाय."

"आजी, त्यांच्याशिवाय कसं होणार?" नर्स म्हणाली, "सोडा त्यांना."

"तपासायचं तर तिला तपासा. माझ्या पोराला हात लावायचा न्हाई."

नर्स घड्याळाकडं बघत होती. सगळा हॉल बघत होता. मी पडदा बाजूला केला. नवरा माझ्याकडे पाहत होता, आणि पहिल्यांदाच त्यानं नजर खाली घातली नाही.

"आई, सोड," तो म्हणाला. "तिला काय बी न्हाई. कमी माझ्यात हाय. माझ्यापायी चाललंय हे सगळं."

बाही सुटली. तो नर्सच्या मागं गेला. शेजारची बाई लगेच मोबाईलमध्ये बघायला लागली.

सासूबाईंनी नारळाची पिशवी बाकावर ठेवली. मग उठल्या, पडद्याच्या आत आल्या, खाटेच्या कडेला टेकल्या. मला वाटलं डोक्यावरनं हात फिरवतील. निदान काही बोलतील, त्या रविवारबद्दल, त्या ओट्याबद्दल. आधी त्यांनी पडदा नीट लागलाय का पाहिलं. मग माझ्या कानाशी वाकल्या.

"हे कुनाला बोलू नगस हां. माझ्या भाच्याला तर अजाबात न्हाई. पोराची इज्जत जाईल भावकीत." आणि मग घाबऱ्याघुबऱ्या आवाजात, "तुझ्या त्या मेलात कुठं लिवलं न्हाईस न्हवं हे?"

"नाही, आई," मी म्हटलं. "त्यांचं लिहिलं नव्हतं. माझंही लिहिलं नव्हतं."